ॲना गेल्यानंतरचा आठवडा

टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'चे आठ भाग आहेत. सातव्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात ॲना मालगाडीखाली स्वतःला झोकून देते. आठव्या भागाची एकोणीस प्रकरणं अजून उरलेली असतात आणि त्यांत तिच्याबद्दल जवळजवळ कुणी बोलतच नाही. कादंबरी आठवड्याला एक भाग अशी वाचत आलेल्या गटाला सगळ्यात जड जातो तो हाच आठवडा. काहींच्या मनात कादंबरी संपलेली असते. काहींना ॲनाबद्दल बोलायचं असतं, पण समोरच्या पानांवर ती नसते. 'पुढे काय झालं' एवढ्याच प्रश्नावर जो गट चालत आला, त्याच्यापाशी या आठवड्यात विचारायला काही उरत नाही.

आमच्या वाचनगटात हा आठवडा चालवायचं काम माझ्याकडे आलं. त्या वेळी काय विचारलं, कशातून काय निघालं आणि पुन्हा चालवायचा झाला तर मी काय ठेवीन, ते इथे मांडते आहे.

१. वाटणी पानांवर करू नका, जागेवर करा.

गटात एकाच्या हातात जुनं इंग्रजी भाषांतर असतं, दुसऱ्याच्या हातात नवं, तिसरा फोनवर वाचतो. पान क्रमांक सांगून काही उपयोग होत नाही. भाग आणि प्रकरण सांगावं. ते सगळ्यांकडे सारखंच असतं.

आठव्या भागाचे तीन तुकडे आपोआप पडतात. पहिली पाच प्रकरणं बहुतेक स्टेशनवर आणि रेल्वेगाडीत घडतात. सहा ते चौदा ही लेव्हिनच्या शेतीवाडीवर, बहुतेक त्याच्या डोक्यात. पंधरा ते एकोणीसमध्ये मधमाश्यांच्या पेट्यांजवळचा वाद, वादळ आणि शेवटची रात्र. आम्ही रविवारी भेटतो, म्हणून सोमवार-मंगळवारी पहिला तुकडा, बुधवार ते शुक्रवार दुसरा आणि शनिवारी तिसरा असं ठरवलं. मधल्या तुकड्याला तीन दिवस दिले, कारण तिथे घटना फार थोड्या आहेत आणि घाईने वाचलं तर हाती काहीच लागत नाही.

प्रश्न आधी पाठवले, पण तीनच. बाकीचे माझ्याजवळ ठेवले. सोबत एक विनंती केली: प्रत्येकाने एक जागा खूण करून आणावी, जिथे लेखकाने हे इथेच का ठेवलं असावं असा प्रश्न पडला.

२. पहिला प्रश्न मृत्यूचा नको, पडलेल्या पुस्तकाचा हवा.

ॲना गेली, पान उलटलं, मध्ये जवळजवळ दोन महिने गेले आहेत आणि आपल्यासमोर येतो लेव्हिनचा सावत्र भाऊ कोझ्निशेव. त्याने सहा वर्षं खपून राज्यव्यवस्थांवर एक ग्रंथ लिहिला आहे. तो छापून येतो आणि कुणीही त्याची दखल घेत नाही. आठवडे जातात, मित्रही विषय काढत नाहीत. शेवटी एक परीक्षण येतं तेही टिंगल करणारं, आणि कोझ्निशेवला आठवतं की त्या परीक्षण लिहिणाऱ्या तरुणाची चूक आपण कधीतरी चारचौघांत दुरुस्त केली होती.

बहुतेक वाचक हे प्रकरण भराभर उलटतात. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली: ॲनाच्या मृत्यूला लागून टॉलस्टॉयने या पुस्तकाची गोष्ट का ठेवली?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गटातल्या एका काकूंनी सांगितलं की त्यांना हे वाचताना राग आला होता. एवढं मोठं घडलं आणि हा माणूस परीक्षणाची वाट पाहतोय. मी त्यांना विचारलं, हा राग टॉलस्टॉयला हवा असेल का? तिथून बोलणं सुरू झालं. एक सर म्हणाले, जग असंच चालतं हे त्याला दाखवायचं आहे. दुसऱ्या एकीला ते पटलं नाही. तिने पुढचा परिच्छेद उघडून दाखवला. पुस्तक पडल्यामुळे कोझ्निशेवकडे वेळ रिकामा राहतो, आणि त्याच वेळी तुर्कांशी लढणाऱ्या सर्बियाच्या मदतीची लाट रशियात उठते. तो तिच्यात स्वतःला झोकून देतो. तिचं म्हणणं असं की एका माणसाची रिकामी झालेली जागा सार्वजनिक उत्साहाने कशी भरते, ते टॉलस्टॉय इथे पेरून ठेवतो, आणि चार प्रकरणांनंतर व्रॉन्स्कीच्या बाबतीत तेच मोठ्या प्रमाणात दाखवतो.

हे मला सुचलं नव्हतं. प्रश्न चांगला निघाला की नाही, हे मी आता यावरूनच ओळखते: दोन माणसांनी उत्तरासाठी दोन वेगळी पानं उघडली पाहिजेत.

३. ॲनाबद्दल काय बोललं गेलं, यापेक्षा कोण बोललं ते विचारा.

या एका प्रश्नावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जावा असंच मी म्हणेन.

आठव्या भागात ॲनाबद्दल सविस्तर बोलणारी व्यक्ती एकच: व्रॉन्स्कीची आई, चौथ्या प्रकरणात, रेल्वेगाडीत, कोझ्निशेवपाशी. मुलाने सहा आठवडे कुणाशी बोलणं टाकलं होतं, विनवण्या केल्यावरच जेवत होता, जिवाला अपाय करता येईल अशी प्रत्येक वस्तू त्याच्यापासून दूर ठेवावी लागली, हे सगळं ती सांगते. आणि ॲनाचा मृत्यू हा एका वाईट बाईला शोभेल असाच होता, असा निवाडा देते. ॲनाची लहान मुलगी आता कॅरेनिनकडे आहे, हेही आपल्याला तिच्याच तोंडून कळतं.

इथे मी सगळ्यांना पहिल्या भागाचं अठरावं प्रकरण काढायला लावलं. मॉस्कोचं स्टेशन. पीटर्सबर्गहून आलेल्या गाडीतून ॲना उतरते, आणि प्रवासभर तिच्याबरोबर त्याच डब्यात कोण होतं? हीच बाई. दोघी वाटभर आपापल्या मुलांबद्दल बोलत आल्या आहेत. ती ॲनावर इतकी खूश आहे की निरोप घेताना तिचं कौतुक करताना थकत नाही. त्याच प्रकरणात गाडीखाली सापडून रेल्वेचा एक कामगार मरतो आणि त्याच्या विधवेसाठी व्रॉन्स्की दोनशे रूबल देतो.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून मी तीन प्रश्न विचारले. ही बाई तेव्हा खोटं बोलत होती का? आज खोटं बोलते आहे का? आणि मेलेल्या ॲनाची बाजू मांडायला टॉलस्टॉयने एकही पात्र का दिलं नाही?

पहिल्या दोन्ही प्रश्नांना गटाने 'नाही' म्हटलं, आणि मग तिसरा प्रश्न टोचू लागला. कुणीतरी स्तिवाची आठवण काढली. दुसऱ्या प्रकरणात ॲनाचा सख्खा भाऊ स्टेशनवर भेटतो. व्रॉन्स्की याच गाडीत आहे हे कळल्यावर क्षणभर त्याचा चेहरा उतरतो, पण लगेच, बहिणीच्या मृतदेहावर आपण हंबरडा फोडला होता हे विसरून, व्रॉन्स्की त्याला फक्त शूर वीर आणि जुना मित्र दिसू लागतो. वर्गणीच्या पेटीत तो पाच रूबलची नोट टाकतो. मग आणखी कुणीतरी लेव्हिनकडे बोट दाखवलं. सातव्या भागात एका संध्याकाळी ॲनाला भेटून तो भारावून गेला होता. इथे, पंधराव्या प्रकरणात, व्रॉन्स्की लढाईला निघाल्याची बातमी डॉली त्याला सांगते. तो एका वाक्यात पसंती दर्शवतो आणि विषय पुढे जातो. ॲनाचं नाव निघत नाही.

मग बाजू कोण मांडतं? गटातल्या एका मुलीचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे: सात भाग वाचलेला वाचक. गाडीत तिच्या सासूच्या जागी असलेली बाई बोलत असते तेव्हा आपल्याला मध्येच तोडून सांगावंसं वाटतं की असं नव्हतं. ती चीड हाच ॲनाला मिळालेला एकमेव साक्षीदार. सगळ्यांना हे मान्य झालं नाही. एका काकांचं मत होतं की आपण टॉलस्टॉयला फार सांभाळून घेतो आहोत, त्याने ॲनाला शिक्षाच दिली आहे, कादंबरीच्या सुरुवातीला सूडाबद्दलचं बायबलचं वचन उगीच ठेवलेलं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की ते वचन शिक्षा देण्याचा अधिकार कुणाला देतं आणि कुणाला नाकारतं. व्रॉन्स्कीच्या आईला तो आहे का? यावर ते थांबले. त्यांचं मत बदललं नाही, पण प्रश्न त्यांनी घरी नेला.

४. किरकोळ शारीरिक तपशिलापाशी थांबा.

पाचव्या प्रकरणात व्रॉन्स्की प्लॅटफॉर्मवर येरझारा घालतो आहे. स्वतःच्या खर्चाने घोडदळाची एक तुकडी घेऊन तो निघाला आहे. कोझ्निशेव त्याचं कौतुक करायला जातो. अशा वेळी टॉलस्टॉय त्याला काय देतो? दातदुखी. त्याला नीट बोलताही येत नाही. मग रुळांवरून संथपणे येणाऱ्या टेंडरच्या चाकांकडे त्याची नजर जाते, त्या दिवशी पाहिलेलं ॲनाचं शरीर आठवतं आणि दातदुखी नाहीशी होते.

इथे विचारायचं ते असं: दात दुखत नसता तर या प्रसंगातून काय गेलं असतं? आमच्याकडे एक जण निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी सांगितलं की दुःखात असलेला माणूस दुखण्याच्या तक्रारी घेऊन येतो, कारण दात दुखतो हे सांगता येतं. यापुढे मी काही जोडलं नाही. एवढ्यावर हा प्रश्न संपवावा. ताणला तर प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधण्याचा छंद लागतो.

५. दोर आणि बंदूक यांबद्दल आधी कळवा.

नवव्या प्रकरणात सुखी संसार असलेला, धडधाकट लेव्हिन गळफास घेईन या भीतीने दोर लपवून ठेवतो आणि गोळी झाडून घेईन म्हणून बंदूक घेऊन बाहेर पडायला घाबरतो. ॲनाच्या मृत्यूनंतर आठवड्याभरातच हे वाचायचं, तेही चारचौघांत. गटात कुणाच्या घरी असं काही घडलेलं असू शकतं आणि आपल्याला ते ठाऊक नसतं.

म्हणून प्रश्न पाठवताना सुरुवातीलाच स्पष्ट लिहावं की या आठवड्यात आत्महत्येबद्दल बोलणं होणार आहे, ज्यांना नको वाटेल त्यांनी तो भाग संपल्यावर यावं, कारण सांगायची गरज नाही. चर्चेतही 'तिने असं का केलं' यावर अटकळी बांधत बसू नये. मजकुराला धरून विचारता येतं: ॲनाला आणि लेव्हिनला एकाच काठाशी आणून टॉलस्टॉय एकाला मागे का घेतो? लेव्हिनपाशी काय आहे जे तिच्यापाशी नव्हतं? आमच्या गटातून आलेली उत्तरं विचारांची कमी आणि व्यवहाराची जास्त होती. काम, मूल, घर, समाजात जागा, रोज सकाळी कुणीतरी काहीतरी विचारायला येणं. ॲनाकडून यातलं एकेक काढून घेतलं गेलं होतं.

६. साक्षात्कार कुठल्या बोलण्यातून झाला ते पाहा.

अकराव्या प्रकरणात मळणी चालू आहे आणि फ्योदोर नावाचा शेतकरी यंत्रात धान्य घालतो आहे. त्याच्या एका वाक्याने लेव्हिनचं आयुष्य पालटतं, असं सगळे सांगतात. पण बोलणं सुरू झालं होतं जमिनीच्या खंडावरून. एवढ्या खंडात मित्युखाला जमीन परवडते, मग दुसऱ्या शेतकऱ्याला का परवडू नये, एवढंच लेव्हिनला हवं होतं. फ्योदोरचं उत्तर असं की मित्युखा माणसं पिळतो, म्हातारा फोकानिच पिळत नाही, उधारी सोडूनही देतो, कारण तो आत्म्यासाठी जगतो आणि देवाला विसरत नाही.

मराठी गटात या जागी संतांची आठवण निघणारच. आमच्याकडेही तुकोबा निघाले. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची कथा आणि फोकानिचचं उधारी सोडणं कुणीतरी शेजारी ठेवलं. मी ते अडवलं नाही, पण लगेच फरक विचारला. तुकोबांची कथा त्यांच्या भक्तांनी सांगितली आहे. फोकानिच मात्र कादंबरीत समोर येतच नाही. त्याच्याबद्दल बोलतो तो मजूर, आणि ऐकतो तो जमीनमालक, ज्याच्या स्वतःच्या जमिनी खंडाने दिलेल्या आहेत. मग प्रश्न असा: या बोलण्यानंतर लेव्हिन खंड कमी करतो का? पुन्हा पानं चाळली गेली. त्या दिवशी तो हर्षभरित होऊन घरी जातो. खंडाचा विषय पुन्हा येत नाही. हे टॉलस्टॉयच्या नजरेतून सुटलं की त्याने मुद्दाम सोडलं, यावर आमचं एकमत झालं नाही.

७. लेव्हिनच्या नव्या श्रद्धेची परीक्षा कादंबरीच घेते. ते प्रसंग मोजायला सांगा.

चौदाव्या प्रकरणात, साक्षात्काराला काही तासही झालेले नसताना, गाडीवान इव्हान वाटेतल्या खुंटाबद्दल सावध करत लगामाला हात लावतो आणि लेव्हिन त्याच्यावर खेकसतो. ही पहिली परीक्षा. मग भावाशी वागण्यातला जुना थंडपणा, मग मधमाश्यांच्या पेट्यांजवळचा वाद. सतराव्या प्रकरणात वादळ येतं, रानात गेलेली किटी आणि तान्हा मित्या ओकच्या झाडापाशी असतील या धास्तीने तो धावतो आणि ते झाड वीज पडून कोसळताना पाहतो. ते त्यांच्यावर पडू नये अशी तो प्रार्थना करतो. झाड तर पडून गेलेलं आहे, हे त्याला लगेच कळतं, तरी तो तेच म्हणत राहतो, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं.

इथे सातव्या भागातलं किटीचं बाळंतपण आठवायला सांगा. तेव्हाही नास्तिक लेव्हिन असाच देवाला हाका मारत होता. दोन्ही प्रार्थनांत काही फरक आहे का? असेल तर मधल्या सगळ्या विचारांचा उपयोग झाला. नसेल तर अकरावं प्रकरण कशासाठी? गटातल्या कुणी स्वतःच्या श्रद्धा-अश्रद्धेकडे गाडी वळवली तर हाच प्रश्न तिला पुस्तकाकडे परत आणतो.

८. इतिहास सांगा, पण चर्चा तापल्यावर.

पेट्यांजवळ, मध आणि काकड्या खात, ही मंडळी सर्बियाच्या युद्धावर वाद घालतात. लोकांचा आत्मा जागा झाला आहे, असं कोझ्निशेव म्हणतो. लेव्हिनला ते मान्य नाही: लोक आत्म्यासाठी त्याग करतात, खून करण्यासाठी नव्हे. म्हातारा मधपाळ मिखाइलिच याला मत विचारलं जातं. तो बादशहावर सगळं सोडतो आणि पोराला आणखी पाव आणू का, असं विचारतो.

गटाने आधी यावर आपसात भांडावं. त्यानंतर मी सांगितलं की कादंबरी 'रूस्की व्हेस्तनिक' या मासिकातून १८७५ पासून क्रमशः येत होती, १८७६ मध्ये सर्बियाने तुर्कस्तानाशी युद्ध पुकारलं, एप्रिल १८७७ मध्ये रशिया स्वतः युद्धात उतरला, आणि मासिकाचा संपादक कात्कोव्ह याने स्वयंसेवकांबद्दलच्या या मतांमुळे आठवा भाग छापायला नकार दिला. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी संपली आहे, अशा अर्थाची टीप त्याने मासिकात दिली. टॉलस्टॉयने आठवा भाग १८७७ मध्येच स्वखर्चाने स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढला.

हे सुरुवातीला सांगितलं असतं तर सगळे लगेच लेव्हिनच्या बाजूला गेले असते. लेखकाचं मत कळल्यावर विरोधात बोलायला माणूस कचरतो. उशिरा सांगितल्यामुळे प्रश्न वेगळा झाला. राजकारण बाजूला ठेवलं तर कात्कोव्हचं म्हणणं साहित्य म्हणून बरोबर होतं का? आम्ही गटाचे दोन भाग केले आणि ज्यांना आठवा भाग नकोसा वाटला होता त्यांनाच त्याची बाजू घ्यायला लावलं. त्यांचा सगळ्यात वजनदार पुरावा आला शेवटच्या प्रकरणातून. लेव्हिन आभाळातल्या ताऱ्यांकडे पाहत उभा आहे, इतर धर्मांच्या माणसांचं काय असा मोठा प्रश्न त्याच्या मनात आहे, आणि किटी येऊन विचारते की कोझ्निशेवच्या खोलीत नवा वॉशस्टँड ठेवला का, जरा पाहशील? आतली गोष्ट तिला सांगायची नाही, असं तो ठरवतो आणि पाहायला जायला निघतो. ॲना आणि व्रॉन्स्की यांनी एकमेकांपासून काही लपवायचं नाही म्हणून आयुष्य उधळलं. हे नवरा-बायको एक मोठी गोष्ट न सांगता एकत्र राहणार आहेत. हे टॉलस्टॉयला चांगलं वाटतं की वाईट, यावर आमची दोन तासांची बैठक पावणेतीन तास चालली.

तुमच्या गटाने सातव्या भागावर थांबायचं ठरवलं असेल, तर कृपा करून आणखी एक रविवार ठेवा. एकोणीस प्रकरणं एका आठवड्यात आरामात वाचून होतात. येताना पहिला भागही बरोबर आणा. अठरावं प्रकरण पुन्हा उघडावं लागेल.